मदत हवी आहे: मैफलीच्या सभागृहात बायाँ घुमतो, उपाय कुठे करावा?

सभागृह 18 मीटर लांब, 12 रुंद, 6 उंच. भिंती प्लास्टरच्या, फरशी कोट्याची. इथे ख्याल आणि तबलावादनाच्या मैफली माइकशिवाय करायच्या आहेत.

रिकाम्या सभागृहात 500 हर्ट्झला प्रतिध्वनिकाल 2.4 सेकंद भरतो. दीडशे श्रोते बसले की हिशोबाने 1.3 च्या आसपास येतो आणि विलंबित ख्यालाला तो छान वाटतो. अडचण खालच्या स्वरांची आहे. 125 हर्ट्झला श्रोते फार कमी आवाज शोषतात, त्यामुळे द्रुत लयीत बायाँची घुमार पुढच्या बोलांवर चढते आणि ‘धिरधिर’ नुसता गोळा ऐकू येतो.

मागच्या भिंतीला जाड पडदे लावून पाहिले. पहिल्या रांगेत सुमारे 75 मिलिसेकंदांनी परत येणारी टाळी थांबली, पण बायाँ तसाच, वर तानपुऱ्याची जवारी बोथट झाली. बाजूच्या भिंतींवरून 20 मिलिसेकंदांच्या आत येणारे परावर्तन गायकाच्या आवाजाला बळ देते, म्हणून त्या झाकायच्या नाहीत.

आता 4 मिमी प्लायवूड, मागे 10 सेंटीमीटर पोकळी, अशा चौकटी करायचा विचार आहे. त्या 120 हर्ट्झच्या आसपास शोषतील. भिंतीला खिळे चालतील, छताला हात लावता येणार नाही. या चौकटी मागच्या भिंतीवर सलग लावाव्यात की चारही कोपऱ्यांत उभ्या कराव्यात, आणि 125 हर्ट्झचा काल दीड सेकंदाखाली आणायला साधारण किती चौरस मीटर लागतील?