पॅसेंजर सिग्नलबाहेर उभी होती ती संध्याकाळ: तुमचं काय अडलं?

सुपारीवाली ताई: काही वर्षांपूर्वीची गोष्ट, मृगाचा पाऊस धो धो लागलेला. मिरजेहून कोल्हापूरला येणारी संध्याकाळची पॅसेंजर एका छोट्या स्टेशनाच्या अलीकडे तासभर उभी राहिली. मी डब्यात, मांडीवर भावाच्या सुपारीचं ताट, आणि इकडे शाहूपुरीत नवरीकडची मंडळी ताटकळलेली. स्टेशन मास्तरला त्या दिवशी मनातल्या मनात किती बोल लावले, मोजदाद नाही. इथले बरेच जण त्या भानगडीत अडकले होते. लिहा आपापलं.

दूधवाला, हातकणंगले तालुका: गाडीत नव्हतो, फाटकाला होतो. दोन्ही बाजूला ही रांग. किटल्या मोटारसायकलला अडकवलेल्या, डेअरीची वेळ टळली, मॅडम कुलूप लावून घरला. शेवटी ते दूध गल्लीत वाटलं. गाडी दिसतीया, हलत नाही, फाटक उघडत नाही. मास्तर चहा पीत बसला असणार, दुसरं काय!

रोजचा पासवाला: एक्स्प्रेसला वाट द्यायला पॅसेंजर बाहेर दाबून ठेवतात, हे आम्हाला रोजचंच. त्या दिवशीही मास्तरने तेच केलं. पलीकडे लूपवर, म्हणजे बाजूच्या लाइनवर, दुसरी गाडी उभी होती, मी दारातून स्वतः बघितली.

निवृत्त मास्तर: ड्यूटीवर मीच होतो, म्हणून लिहितो. एक्स्प्रेससाठी पॅसेंजर थांबवतात, हे पासवाल्यांचं खरं; पण ते मी नाही, कंट्रोल ठरवतो, म्हणजे गाड्यांचं नियंत्रण कार्यालय. पण लूपवरची गाडी मिरजेकडे जाणारी होती, आणि तीही तुमच्याचमुळे अडकली होती. पुढच्या सेक्शनात तुम्ही उभे. एकेरी लाइन. तिला सोडणार कुठे?

झालं असं. तुम्हाला मेन लाइनवर घ्यायला मिरजेकडचा पॉइंट, म्हणजे लाइन बदलायचा सांधा, फिरवला, तर पॅनलवर त्याचं सेटिंगच मिळेना, दिवा लुकलुकतच राहिला. पॉइंटची जीभ, म्हणजे सरकणारा टोकदार रूळ, शेजारच्या रुळाला पूर्ण चिकटली नाही तर स्टेशनात यायचा होम सिग्नल मिळतच नाही. पाच मिलिमीटरची फट राहिली तरी नाही, आणि तसंच असायला हवं. दोनदा मागेपुढे फिरवून पाहिला. मग पॉइंट्समनला बॅटरी घेऊन पावसात पाठवलं. जीभ आणि रूळ यांच्यामध्ये खडीचा एक दगड, लिंबाएवढा. तो काढला, तरी सेटिंग येईना.

सिग्नलवाला मिरजेहून यायचा, तोही रस्त्याने, पावसात. मग हातानेच करायचं. क्रँक हँडल काढायचं, पॉइंट फिरवायचा, क्लॅम्प मारून कुलूप लावायचं, चावी माझ्याकडे. गाडीच्या वाटेवरचा बाकीचा रस्ताही नीट आहे ना, ते बघायचं. प्रत्येक पायरीला वहीत नोंद आणि प्रायव्हेट नंबर, म्हणजे फोनवरचं बोलणं पक्कं करायचा आकडा. शेवटी लाल सिग्नल ओलांडायचा लेखी मेमो घेऊन माणूस चालत सिग्नलपाशी गेला, मग तुमची गाडी रांगत आत आली. चहा मिळाला तो रात्री साडेदहाला.

रोजचा पासवाला: दगड काढल्यावर हिरवं निशाण दाखवून आत घेता आलं नसतं? दहा मिनिटांचं काम.

निवृत्त मास्तर: निशाण दाखवता येतं हो. पण क्लॅम्प नसताना चाकाखाली जीभ सरकली, तर अर्धे डबे मेनवर आणि अर्धे लूपवरच्या गाडीकडे. त्या गाडीतही माणसं होती.

नेहमीचा प्रश्नकर्ता: माझी गाडी परवा पुण्यात दोन तास लेट होती, मी प्रवास केलाच नाही. पूर्ण पैसे परत मिळतील का?

सुपारीवाली ताई: दादा, हा धागा वेगळा आहे. पण तीन तासांच्या वर उशीर लागतो, आणि गाडी सुटायच्या आत टीडीआर, म्हणजे परताव्याचा अर्ज, भरावा लागतो.

राजारामपुरीतला: मी कोल्हापूर स्टेशनवर होतो, बायकोला रात्रीच्या गाडीत बसवायला. आलेलीच गाडी साफ करून परत सोडायची होती म्हणे, म्हणून आमचीही लेट. फलाटावर मुलं पेंगायला लागली. राग उशिराचा नव्हता. "थोड्याच वेळात" एवढंच सांगत राहिले. तासभर लागणार म्हटलं असतं, तर घरी जाऊन जेवून आलो असतो.

निवृत्त मास्तर: तिथली घोषणा माझ्या हातात नव्हती. मी कंट्रोलला "पॉइंट फेल" कळवलं होतं. किती वेळ लागेल, ते दगड सापडेपर्यंत मलाही सांगता येत नव्हतं.

दूधवाला, हातकणंगले तालुका: आणि फाटक? गाडी येत नव्हती, तर उघडायला काय हरकत होती?

निवृत्त मास्तर: उघडलं होतं की. सिग्नल दिलेला नव्हता, म्हणून गेटमनला नंबर देऊन मधे दहा मिनिटं माणसं काढली. वहीत नोंद आहे.

दूधवाला, हातकणंगले तालुका: वहीत असंल. मी हुतो तिथं नाही उघडलं. तुमचं फाटक कुठलं, आमचं कुठलं, ते बघा आधी. तिथं दोन हायत.

सुपारीवाली ताई: सुपारी रात्री साडेनऊला फुटली. आमच्या वहिनी म्हणतात, तोवर दोन्हीकडच्या मंडळींचं भांडणही उरकून झालं होतं. ते कशावरून, हे मात्र अजून कुणी सांगत नाही.