मदत हवी आहे: वडिलांच्या डिस्चार्ज कार्डचा फोटो, जुन्या गोळ्या चालू ठेवायच्या का?

चोपडेकर: वडील ६४, शुगर-बीपी आधीपासून. अटॅक आला, जळगावला अँजिओप्लास्टी झाली, शनिवारी घरी आणलं. कार्डावर 'आयडब्ल्यूएमआय, डीईएस टू आरसीए, एलव्हीईएफ ४५%' आहे. हृदय निम्मंच चालतं असं समजून आई रडतेय. नव्या गोळ्यांसोबत डब्यातल्या जुन्याही देतेय: मेटफॉर्मिन, अॅम्लोडिपिन ५, अॅटोर्वास्टॅटिन १०, अॅस्पिरिन ७५.

ज्योती_यावल: दादा, आधी फोटोतलं नाव आणि आयपीडी नंबर झाका. मना सासराले बी असंच व्हयनं व्हतं, पण त्यांचं बायपास. त्यांना पथ्य फार होतं, तूप पूर्ण बंद. तुमच्याकडे काय सांगितलं?

औषधवाला_शिरपूर: मेडिकल चालवतो, डॉक्टर नाही. हृदयाच्या खालच्या बाजूचा अटॅक, उजव्या रक्तवाहिनीत औषध लावलेली स्टेंट. आईंना सांगा, निरोगी हृदयही डाव्या कप्प्यातलं सगळं रक्त बाहेर टाकत नाही, साधारण ५५ ते ७० टक्के टाकतं. ४५ म्हणजे थोडं कमी, निम्मं नव्हे.

डबा आजच बाजूला ठेवा. नव्या यादीत अॅस्पिरिन ७५ आणि अॅटोर्वास्टॅटिन ४० आहेतच, म्हणजे दोन्ही दुहेरी जाताहेत. कंपनी वेगळी असली की पाकिटावरचं नाव बदलतं, म्हणून बारीक अक्षरातलं औषधाचं नाव जुळवा. मेटफॉर्मिनपुढे 'होल्ड ४८ तास, क्रिएटिनिन पाहून' लिहिलंय. अँजिओप्लास्टीत दिलेल्या डायमुळे किडनीवर ताण येऊ शकतो, म्हणून ती थांबवतात. कायमची बंद नाही, पण रिपोर्ट दाखवल्याशिवाय सुरू करू नका. अॅम्लोडिपिन यादीत नाही, 'बंद' असंही नाही. मेटोप्रोलॉल नवीन दिसतंय. ते अॅम्लोडिपिनऐवजी की सोबत, हे फोटोवरून कळत नाही. वॉर्डात फोन करा.

चोपडेकर: एक राहिलं. टिकाग्रेलोर ९० सकाळ-संध्याकाळ आहे. कालपासून चालताना थोडा दम लागतो म्हणतात.

केळीवाला: त्या गोळीने दम लागतो भाऊ, माझ्या काकांना लागायचा. बंद करा, क्लोपिडोग्रेल द्या, स्वस्तही पडते.

औषधवाला_शिरपूर: दम लागतो हे खरं, बदलतातही, पण डॉक्टर बदलतात. दोन गोळ्यांमध्ये खंड पडला तर नव्या स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते, आणि बदलताना पहिला डोस वेगळा लागू शकतो. शिवाय दम हृदयाचाही असू शकतो. आडवं झाल्यावर वाढतो का, पाय सुजले का, हे बघून आजच कळवा. छातीत दाब, घाम किंवा बसूनही दम लागला तर थेट १०८.

केळीवाला: काकांची तर डॉक्टरांनीच बदलली होती, तेच सांगत होतो.

चोपडेकर: फोन लावला. सूज नाही, आडवं झाल्यावर त्रास नाही. टिकाग्रेलोर चालूच ठेवा आणि उद्या सकाळीच दाखवायला आणा म्हणाले, क्रिएटिनिनही तिथेच होईल. अॅम्लोडिपिनचं मोठे डॉक्टर राउंडनंतर सांगतील. तोवर बीपी दोन वेळा लिहून ठेवतोय, आज सकाळी १३८/८४ होतं. ज्योतीताई, पथ्याचं कार्डावर फक्त 'लो सॉल्ट' आहे. लोणचं-पापड बंद केलं, पण कळण्याच्या भाकरीत आई मीठ टाकतेच. तुमच्याकडे कसं जमवलं?