मदत हवी आहे: उत्तर चुकलं, पण रीत बरोबर. ४ पैकी किती द्यायचे?

खडू_आणि_डस्टर
दहावीच्या सराव परीक्षेचे बीजगणिताचे पेपर तपासले. शाब्दिक उदाहरणात एका मुलीचं उत्तर चुकलं, रीत बरोबर आहे. मी १ गुण दिला. आज पेपर वाटले तर ती टेबलापाशी येऊन उभी राहिली, जायलाच तयार नाही. सोबतचे सर म्हणतात साडेतीन द्या. मुख्याध्यापक म्हणतात तुमचं तुम्ही पाहा. उद्या सकाळी गुणतक्ता द्यायचा आहे. नियम काय आहे तेवढा सांगा, बाकी लांबण नको.

कापूसकोंड्या
राजेहो, उदाहरन तर टाका! चूक कोनत्या ओळीत झाली तेच नाई सांगितलं, अन् नियम विचारून राह्यले.

विदर्भ_सीईटी_मित्र
सर, खरं सांगू का, हे टप्पे-बिप्पे बारावीनंतर कोणी पाहत नाही. सीईटीत गणिताच्या एका प्रश्नाला २ गुण, पर्याय बरोबर तर २, नाहीतर शून्य. आत्तापासून तीच सवय लावा. १ दिला तोही जास्तच आहे.

कापूसकोंड्या
भाऊ, ते दहावीचं विचारून राह्यले. तुमचं क्लासचं दुकान उद्या उघडा.

रोहिणी_नक्षत्र
माझ्या मुलाचा सातवीत असाच घोळ झाला होता. क्षेत्रफळ बरोबर काढलं, चौसेमी लिहायचं राहिलं, तर बाईंनी सगळेच्या सगळे गुण कापले. मी शाळेत गेले तर म्हणाल्या, एकक नाही तर उत्तर नाही. त्या दिवसापासून पोरगा गणिताची वही उघडत नाही. सर, देऊन टाका पूर्ण गुण. तुमच्या खिशातून थोडीच जातात?

खडू_आणि_डस्टर
पूर्ण कसे देऊ ताई, उत्तर चूक आहे. उदाहरण असं: एक बस 180 किमी अंतर ठरावीक वेगाने जाते. वेग ताशी 15 किमीने जास्त असता तर 1 तास कमी लागला असता. बसचा वेग काढा. उत्तर ताशी 45 किमी. मुलीने 40 काढलं. तिच्या पेपरातल्या ओळी:

```
180/x - 180/(x+15) = 1
180(x+15) - 180x = x(x+15)
2700 = x² + 15x
x² + 15x - 2200 = 0
(x + 55)(x - 40) = 0
x = 40 किंवा x = -55
```

पुढे लिहिलंय, वेग ऋण नसतो म्हणून -55 घ्यायचं नाही, बसचा वेग ताशी 40 किमी.

कापूसकोंड्या
आता समजलं. 2700 चे 2200 झाले. मी १२ वर्षं शिकवनी घेतो, नियम एकच: चूक एकदाच कापायची, पुढचं सगळं माफ. अर्धा कापा, साडेतीन द्या. तुमचे सोबतचे सर बरोबर हायेत.

तांबडी_शाई
सर, मी अठ्ठावीस वर्षं दहावीला गणित शिकवलं, बोर्डाचे पेपर तपासले, काही वर्षं नियामक होते. एक विचारते, राग मानू नका. तिच्या 2200 च्या समीकरणाचे अवयव तुम्ही स्वतः पाडून पाहिले होते, की खाली 40 दिसलं आणि १ लिहिला?

खडू_आणि_डस्टर
खरं सांगायचं तर नाही पाहिले. ५४ पेपर होते मॅडम, आणि लाइट गेली होती.

तांबडी_शाई
आता पाहा. 55 गुणिले 40 म्हणजे 2200, 55 वजा 40 म्हणजे 15. अवयव अचूक आहेत. तिने मधली कोणतीही ओळ उत्तर जुळवण्यासाठी वाकवलेली नाही. तिसऱ्या ओळीत 2700 स्वच्छ लिहिलंय, चौथ्या ओळीत 2200. म्हणजे गुणाकार चुकला नाही, ओळ उतरवताना चुकलं. तिचे बाकीचे इंग्रजी 7 कसे आहेत ते बघा. घाईत काढलेला 7 खालून वळला की तिचा तिलाच 2 वाटतो, अशी मुलं मी पुष्कळ पाहिली.

बोर्डाकडून उत्तरसूची येते, तिच्यात टप्प्यांचे गुण असतात. तुमच्या शाळेच्या पेपरला उत्तरसूची केली होती का?

खडू_आणि_डस्टर
उत्तरं लिहून ठेवली होती. टप्प्यांचे गुण पाडले नव्हते.

तांबडी_शाई
मग घोळ तिथेच आहे. या उदाहरणाला मी असे पाडले असते: वेग x मानून दोन्ही वेळा लिहिल्या, १. त्यांच्यातला फरक 1 असं समीकरण मांडलं, १. छेद घालवून वर्गसमीकरण सामान्य रूपात आणलं, १. अवयव पाडून दोन्ही उकली, अर्धा. ऋण उकल कारण देऊन सोडली आणि उत्तर एककासह लिहिलं, अर्धा. या मुलीचे पहिले दोन गुण पूर्ण. तिसऱ्यातला अर्धा जातो, कारण छेद बरोबर घालवले पण सामान्य रूप चुकलं. पुढचे दोन्ही अर्धे तिचेच, कारण तिच्या समीकरणावर तिने केलेलं सगळं काम बरोबर आहे.

कापूसकोंड्या
म्हंजे साडेतीन. मी तेच म्हनलं न बाप्पा!

तांबडी_शाई
आकडा तोच आला, पण "पुढचं सगळं माफ" हा तुमचा नियम मला मान्य नाही. चुकीनंतरचं काम तेवढंच अवघड राहिलं असेल तर पुढचे गुण द्यायचे. चुकीने गणित सोपं झालं तर नाही. इथे वर्गसमीकरण वर्गसमीकरणच राहिलं, दोन उकली आल्या, एक सोडावी लागली. कष्ट तेवढेच पडले.

खडू_आणि_डस्टर
सोपं होतं म्हणजे कसं? कारण अजून एकाने 165 उत्तर काढलंय. त्याने सरळ 180/(x+15) = 1 मांडलं.

कापूसकोंड्या
१६५ च्या स्पीडनं यष्टी! आमच्या रोडनं ४५ ची नाई धावत, खड्ड्यात गिअर बदलता बदलता तालुका येते.

तांबडी_शाई
हेच बघा. त्याने "1 तास कमी" याचा अर्थ "1 तासात" असा घेतला. वर्गसमीकरण गेलंच, उरली एका ओळीची बेरीज-वजाबाकी. 180 मधून 15 गेले, 165. त्याच्या समीकरणावर तेही बरोबर आहे, पण अवयव पाडणं नाही, ऋण उकल सोडणं नाही. जे काम केलंच नाही त्याचे गुण कुठून द्यायचे? वाढलेल्या वेगाची वेळ त्याने बरोबर लिहिली, तेवढा अर्धा मिळेल. तुमच्या नियमाने त्याला अडीच-तीन द्यावे लागतील, कापूसकोंड्या.

कापूसकोंड्या
त्याले नाई देत मी. पन मग हे सोपं झालं का नाई, हे ठरवनार कोन? दोन मास्तर, दोन मतं.

तांबडी_शाई
होतात. म्हणून तर तपासणी सुरू व्हायच्या आधी नियामकांच्या सभेत उत्तरसूचीवर वाद घालून घेतात. तरी काही पेपर असे निघतात की कोणी अर्धा जास्त देतं, कोणी कमी.

पेन्सिलवाला
मी वेगळं मत देतो. 40 ठेवून पडताळा घेतला असता तर? 180 ला 40 ने भागा, साडेचार तास. 55 ने भागा, सव्वातीनच्या थोडं वर. फरक 1 तास येतच नाही. अर्ध्या मिनिटात कळलं असतं. पडताळा नाही, म्हणून शेवटचा अर्धाही कापा. ३ द्या. इंजिनिअर झाल्यावर पूल कोसळला तर रीत बरोबर होती म्हणणार का?

रोहिणी_नक्षत्र
सराव परीक्षा आहे हो दादा, पूल नाही.

तांबडी_शाई
प्रश्नात "पडताळा घ्या" लिहिलं होतं का? नसेल तर त्याचे गुण कापता येत नाहीत. वर्गात पडताळ्यासाठी जरूर आग्रह धरा, पण पेपरात न मागितलेल्या गोष्टीचा दंड नको.

पेन्सिलवाला
मला नाही पटत. जे उत्तर प्रश्नात बसत नाही ते लिहून दिलं, त्याला काहीतरी किंमत हवीच.

कापूसकोंड्या
सर, एक सांगा. पोरगी टेबलापाशी उभी काहून राह्यली? १ मिळाला म्हनून कोनी एवढं अडून नाई बसत. दुसऱ्याचा पेपर पाह्यला असन तिनं.

खडू_आणि_डस्टर
हो. ते सांगायचं राहिलं. तिच्या बाजूच्या मुलाला मी ४ दिले आहेत. ती म्हणते, सर, त्याचं समीकरणच उलटं आहे. मी म्हटलं त्याचं उत्तर 45 आहे, जागेवर बस. त्याचं असं आहे:

```
180/(x+15) - 180/x = 1
180x - 180(x+15) = x(x+15)
x² + 15x - 2700 = 0
(x + 60)(x - 45) = 0
```

तांबडी_शाई
अहो सर, मुलगी बरोबर बोलते आहे. वेग वाढला तर वेळ कमी लागणार. कमी वेळातून जास्त वेळ वजा करून +1 कसा येईल? त्याची पहिलीच ओळ उलटी आहे. आता दुसरी ओळ सोडवा: डावीकडे -2700 उरतात. सगळं एका बाजूला नेलं की x² + 15x + 2700 = 0. याला वास्तव उकलच नाही, 15 चा वर्ग 225 आणि त्यातून 10800 वजा करायचे आहेत. त्याने न बोलता अधिकचं वजा केलं. दोन चुकांनी एकमेकींना खाल्लं आणि 45 आलं. एक तर अवयव पडेनात म्हणून चिन्ह बदललं, नाहीतर नजर शेजारी गेली.

पेन्सिलवाला
शेजारी गेली असती तर 40 आलं असतं. 😄

तांबडी_शाई
हे मात्र खरं. शब्द मागे घेते.

विदर्भ_सीईटी_मित्र
बघा, सीईटीत त्याला २ पैकी २ मिळाले असते.

खडू_आणि_डस्टर
मग त्याचे किती करू?

तांबडी_शाई
दोन्ही वेळांचा १. समीकरणाचा शून्य. सामान्य रूपाचा माझ्या मते शून्य, कारण ते त्याच्या वरच्या ओळीतून निघतच नाही. छेद घालवल्याचा अर्धा द्यायचा तर द्या, मी अडवणार नाही. अवयवांचा अर्धा, आणि -60 कारण देऊन सोडले असतील तर शेवटचा अर्धा. २ किंवा अडीच.

रोहिणी_नक्षत्र
दिलेले गुण परत घेणार? पोराने घरी सांगितलं असेल हो. चूक तपासणाऱ्याची, त्याने काय केलं?

कापूसकोंड्या
ताई, हे बी खरंच हाय. पन पोरीले साडेतीन अन् त्याले ४ ठेवले तर ती उद्या पुन्हा टेबलापाशी उभी राह्यते, अन् या वेळी सरांजवळ उत्तर नाई.

तांबडी_शाई
सर, आज रात्री एवढं करा. फक्त या उदाहरणाचे ५४ च्या ५४ पेपर पुन्हा उघडा, बाकी प्रश्नांना हात लावू नका. टप्प्यांचे गुण कागदावर लिहून समोर ठेवा. जिथे चूक पहिल्यांदा झाली तिथे लाल गोल करा आणि खाली "पुढे बरोबर" किंवा "पुढे लागू नाही" एवढंच लिहा. म्हणजे तीच चूक दोनदा कापली जात नाही. आणि 45 उत्तर असलेल्यांच्या पहिल्या दोन ओळी आधी वाचा.

खडू_आणि_डस्टर
पेपर तर वाटले. बत्तीस जणांचे माझ्याकडे परत आले, बाकीचे घरी गेले. मुलीचे साडेतीन केले. 165 वाल्याला मी उत्तर चूक म्हणून शून्य दिला होता, त्याला अर्धा. 45 वाले अकरा होते, त्यातले सात पेपर हातात आहेत, अजून एकाचं चिन्ह असंच मध्येच बदललेलं निघालं. बाजूच्या मुलाचा पेपर त्याच्या दप्तरात आहे आणि तो सकाळच्या यष्टीने येतो. मुख्याध्यापकांना गुणतक्ता एक दिवस उशिरा चालेल का, हे विचारायला फोन लावतोय, उचलत नाहीत.

कापूसकोंड्या
यष्टीनं येते म्हंजे तुमच्याजवळ दुपारपर्यंत टाइम हाय.