शंकूछेदाचं सूत्र पाठ करून घ्यावं की नाही?

त्रिज्यांतर
दहावीच्या मुलांकडून `V = ⅓πh(r₁² + r₂² + r₁r₂)` हे सूत्र घोकून घेणं थांबवावं असं माझं स्पष्ट मत आहे. शंकूचं घनफळ त्यांना येतं. मोठ्या शंकूतून वरचा कापलेला छोटा शंकू वजा केला की काम झालं. सूत्र पाठ असलेली मुलंच `r₁r₂` च्या आधी 2 लावून येतात. ज्यांना हे पटत नाही त्यांनी कारणासहित लिहावं.

खडूफळा
मला पटत नाही. वजाबाकीच्या रीतीत चुका कमी होत नाहीत, वेगळ्या होतात, आणि जास्त महागात पडतात.

बादलीचं नेहमीचं गणित घ्या. त्रिज्या 15 व 12 सेमी, उंची 28 सेमी. छोट्या शंकूची उंची किती? बरीच मुलं बिनधास्त 28 लिहितात, कारण पेपरात तेवढीच एक उंची दिसते. मग मोठ्या शंकूची 56 धरतात आणि उत्तर येतं 8976 घसेमी. खरं उत्तर 16104, म्हणजे जवळपास निम्म्याची चूक!

बरोबर रीत अशी: 28 सेमीत त्रिज्या 3 सेमीने घटते, तेव्हा 15 ची शून्य व्हायला 140 सेमी लागतील. मोठा शंकू 140 चा, छोटा 112 चा. हे समरूप त्रिकोणांवरून काढायचं, मग 15² × 140 मधून 12² × 112 वजा करायचे. तीन गुणांच्या प्रश्नात एवढं करत बसणार कोण? सूत्रात 225 + 144 + 180 = 549 मांडलं की दोन ओळींत उत्तर हातात.

त्रिज्यांतर
सर, पण 28 लिहिणाऱ्या मुलाला शंकू नेमका कुठून कापलाय हेच कळलेलं नाही. सूत्र दिल्याने ते न कळणं झाकलं जातं, एवढंच. वजाबाकीत ते निदान उघडं पडतं.

काटकोनी
उघडं पडेलच असं नाही. त्रिज्या 14 आणि 7, उंची 30 असं गणित घालून बघा. इथे छोट्या शंकूची उंची खरोखरच 30 येते, कारण एक त्रिज्या दुसरीच्या दुप्पट आहे. चुकीचा विचार करणाऱ्यालाही 10780 हेच बरोबर उत्तर मिळतं आणि पूर्ण गुण मिळतात. आकडे सुटसुटीत येतात म्हणून हीच जोडी सारखी वापरात दिसते. रीत तपासायची असेल तर दुप्पट त्रिज्या देऊच नयेत.

2 लावण्याच्या चुकीचं मूळ मात्र वेगळं आहे. आधीच्या इयत्तांपासून हाताला `(a + b)²` ची सवय असते, त्यामुळे दोन वर्ग दिसले की पेन आपोआप `2ab` लिहून मोकळं होतं. त्यावर पाठांतर सोडणं हा उपाय नाही. दोन्ही त्रिज्या सारख्या धरून पाहायचं. मग तो शंकूछेद राहत नाही, वृत्तचिती होते, आणि कंसात `3r²` यायला हवं, म्हणजे बाहेरचा ⅓ उडतो. 2 लावला तर `4r²` येतं. दहा सेकंदांत चूक पकडता येते.

साइटवरचा
एवढा काथ्याकूट कशासाठी? वरचं क्षेत्रफळ, खालचं क्षेत्रफळ, दोघांची सरासरी, गुणिले उंची. मातीकामाची मापं सगळीकडे अशीच निघतात आणि बिलंही पास होतात. 30 × 30 मीटरचं, 3 मीटर खोल शेततळं घ्या. बाजूंचा उतार 1:1 असला की तळ 24 × 24. सरासरीने 2214 घनमीटर. पुस्तकी सूत्राने 2196. फरक एक टक्कासुद्धा नाही. मुलांना हेच शिकवा.

खातमोजणी
आकडे तुमचे बरोबर आहेत, निष्कर्ष अर्धाच बरोबर आहे. फरक एक टक्क्याच्या आत राहिला कारण 30 आणि 24 जवळजवळचे आकडे आहेत. रस्त्याच्या भरावातही लागोपाठच्या छेदांची क्षेत्रफळं फारशी वेगळी नसतात, म्हणून तिथे ही रीत चालून जाते. हीच रीत 14–7 च्या बादलीला लावली तर 11550 येतं, 7 टक्के जास्त. आणि वरचं टोक शून्यापर्यंत नेलं, म्हणजे पूर्ण शंकू घेतला, तर एक तृतीयांशाच्या जागी निम्मं घनफळ येतं. तिथे चूक थेट 50 टक्क्यांची.

मुलांची दुसरी लाडकी चूक याच्या उलट दिशेची असते. ती क्षेत्रफळांची नाही, त्रिज्यांची सरासरी घेतात. 14 आणि 7 ची सरासरी 10.5, त्या त्रिज्येची वृत्तचिती 10395 घसेमी. हे उत्तर कमी येतं. आता खऱ्या उत्तरापासूनची दोन्ही अंतरं बघा: एक 385 ने कमी, दुसरं 770 ने जास्त. नेमकं दुप्पट. हा योगायोग नाही, शंकू असो वा चौरस पायाचा सूचीछेद, दर वेळी असंच होतं. तुमच्या शेततळ्यात सरासरी बाजू 27 धरली तर 2187 येतं, 9 ने कमी. तुमचं 2214 हे 18 ने जास्त.

त्यामुळे दोन्ही चुकीची उत्तरं काढा, फरकाचा तिसरा हिस्सा लहान उत्तरात मिळवा, खरं उत्तर हजर. ब्रह्मगुप्ताने 628 सालीच खड्ड्यांच्या मापासाठी ही रीत दिली आहे. सरासरी बाजूवरून आलेलं ते व्यवहारापुरतं, सरासरी क्षेत्रफळावरून आलेलं ते ढोबळ, आणि या दोघांवरून सूक्ष्म. आपल्या मुलांच्या उत्तरपत्रिकेतल्या दोन्ही चुका तिथे पायऱ्या म्हणून वापरल्या आहेत.

साइटवरचा
रीत छान आहे, मान्य. पण साइटवर 18 घनमीटर कोणी विचारत नाही. माती काही फूटपट्टीने कापलेली नसते.

बांधावरून
शेततळ्याचा विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. आमची जागा अरुंद, त्यामुळे तळं चौरस नाही. वर 40 × 10 मीटर, खोली 3, उतार 1:1, तळाला 34 × 4. मशीनवाला 40 × 10 × 3 असे 1200 घनमीटर लावतोय, म्हणजे सव्वाचारशे ब्रास. मुलीने दहावीच्या सूत्रासारखंच करून, दोन्ही क्षेत्रफळं आणि त्यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ घेऊन, 769 काढलं. कोणतं खरं मानू?

खडूफळा
भाऊ, मुलीचंच बरोबर. मशीनवाल्याने उतार धरलाच नाही, उभा खड्डा मोजला. 769 वर ठाम राहा.

खातमोजणी
सर, थांबा. 1200 चूकच आहे, पण 769 सुद्धा बरोबर नाही. वर्गमूळवालं सूत्र खऱ्या सूचीछेदालाच लागू पडतं, म्हणजे चारही कडा खाली वाढवल्या की एका बिंदूत मिळाल्या पाहिजेत. इथे चारही बाजूंना उतार सारखा आहे. 10 मीटरची बाजू 5 मीटर खोलीला संपते, तर 40 ची बाजू संपायला 20 मीटर लागतील. बिंदू होतच नाही, 5 मीटरवर लांबलचक धार तयार होते. ओळखायची खूण सोपी आहे: वर 40 ला 10, म्हणजे 4 पट, तळाला 34 ला 4, म्हणजे साडेआठ पट. दोन्हीकडे गुणोत्तर सारखं नसेल तर तो सूचीछेद नव्हे.

अशा आकाराला तीन क्षेत्रफळं लागतात. वरचं 400. तळाचं 136. लांबींची बेरीज 74 आणि रुंदींची बेरीज 14 यांचा गुणाकार 1036. तिघांची बेरीज 1572, भागिले 6 म्हणजे 262, गुणिले खोली 3. उत्तर 786 घनमीटर, सुमारे 278 ब्रास. मुलीने सूत्र नीट वापरलं, ते या आकाराचं नव्हतं इतकंच.

लीलावतीच्या खातव्यवहारात नेमकी हीच रीत आहे. तिथलं उदाहरण वर 12 × 10, तळाला 6 × 5, खोली 7 अशा वापीचं. 120, 30 आणि 18 × 15 = 270 यांची बेरीज 420, सहावा हिस्सा 70, गुणिले 7 म्हणजे 490. तिथे गुणोत्तर सारखं आहे, म्हणून वर्गमूळाच्या सूत्रानेही 490 च येतं. पण रीत त्यावर अवलंबून नाही.

काटकोनी
मशीनवाल्याशी बोलण्याआधी खोली कशी मोजली तेही बघा. उतारावर टेप टाकून 3 मीटर भरले असतील तर 1:1 उतारात उभी खोली फक्त 2.12 मीटर आहे. 3 मीटर खोल तळ्याच्या उतारावर टेप 4.24 दाखवेल.

मुलांची तिरकस उंचीची चूक ती हीच. गणितात तिरकस उंची 25, त्रिज्या 14 व 7 दिल्या की `h` च्या जागी सरळ 25 बसवतात. त्रिज्यांतला फरक 7, म्हणून उभी उंची 24, घनफळ 8624. चौरस पायाच्या आकारात आणखी एक गोची आहे: तिथे बाजूंमधला पूर्ण फरक वापरायचा नसतो, निम्मा वापरायचा असतो, कारण तो दोन्हीकडे वाटला जातो. 30 आणि 24 मध्ये 6 नव्हे, 3.

बांधावरून
टेप उतारावरूनच टाकला होता. आता परत मोजतो, मधोमध ओळंबा सोडून. पण एक राहिलं: मशीनवाला म्हणतो ट्रॉलीत माती फुगते, म्हणून ब्रास जास्तच भरणार. त्याचं काय?

साइटवरचा
माती फुगते हे खरं आहे. पण माप खड्ड्याचं धरायचं की ट्रॉलीचं, हे बोलीवर आहे. खोदाईचा दर ठरला असेल तर खड्ड्याचं धरा. वाहतूक वेगळी ठरली असेल तर तिचं ट्रॉलीवर.

त्रिज्यांतर
माझा मुद्दा मी सोडलेला नाही. भाऊंच्या मुलीला सूत्र कुठून येतं ते ठाऊक असतं, तर कडा एका बिंदूत मिळतात का हे तिने आधी पाहिलं असतं.

खडूफळा
आणि सूत्र पाठ नसतं तर मशीनवाल्याचे 1200 चूक आहेत हे तरी कोणाला कळलं असतं? एनसीईआरटीने दहावीच्या पुस्तकातून हा भागच काढून टाकला. तिकडच्या मुलांना विचारून बघा. 769 वर ठाम राहा म्हणालो तेवढं मात्र, उभी खोली 3 मीटरच भरली तर, 786 करून घ्या, भाऊ.