मदत हवी आहे: सुई टोचली, पेशंट हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह, माझा टायटर ४ आलाय

निशिगंधा:
मी स्टाफ नर्स आहे. काल रात्री ड्रेसिंगचा ट्रे आवरत होते, गॉजच्या खाली कुणीतरी वापरलेली सुई तशीच टाकलेली, ती ग्लोव्हमधून बोटात गेली. रक्त काढायची पोकळ सुई होती आणि आत रक्त दिसत होतं. लगेच साबण-पाण्याने धुतलं, फॉर्म भरला. पेशंट कोणता ते कळलंय, हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह, एचआयव्ही निगेटिव्ह, सी चा रिपोर्ट यायचाय. माझे तीन डोस शिकत असतानाच झालेत, कार्ड आहे, पण नंतर टायटर कुणी बघितलाच नाही. आज केला तर अँटी-एचबीएस ४. वॉर्डात निम्मे म्हणतात डोस झालेत ना मग काही नको, निम्मे म्हणतात इम्युनोग्लोबुलिन घे. टोचून १४ तास झालेत, वजन ५० किलो. काय करू?

धडपड्या:
काही होत नाही ताई, तीन डोस झालेले असले की बी पासून आयुष्यभर संरक्षण. फक्त टोचलं त्या जागेतून रक्त पिळून काढायला हवं होतं.

लॅबमधला:
मला मागे तुटलेल्या स्लाइडने कापलं होतं, तेव्हा धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं होतं. तुम्ही घेतलं का ते? आणि एचआयव्हीच्या गोळ्या लगेच सुरू करा, २८ दिवस घ्याव्या लागतात.

ओपीडी_क्रमांक_७:
निशिगंधाताई, आधी तुमचं बघू. आजच इम्युनोग्लोबुलिन घ्या, शक्यतो २४ तासांच्या आत, म्हणजे तुमच्याकडे अजून दहा तास आहेत. सात दिवसांपर्यंत देतात पण जितका उशीर तितका उपयोग कमी. डोस किलोला ०.०६ मिली, म्हणजे तुम्हाला ३ मिली. त्याच वेळी बी ची लसही सुरू करा, पण वेगळ्या जागी, एकाच दंडात दोन्ही नको. आणि आजच तुमचं स्वतःचं एचबीएसएजी आणि अँटी-एचबीसी पाठवा, म्हणजे पुढे कधी वाद आला तर आजच्या दिवशी काय होतं ते कागदावर राहील.

धडपड्या अर्धं बरोबर बोलतायत. तिसऱ्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी टायटर बघितला आणि तो १० किंवा जास्त आला, तर पुढे तो ४ वर उतरला तरी माणूस सुरक्षित धरतात, काहीही द्यावं लागत नाही. पण ताईंचा तेव्हा बघितलाच नाही, मग आजचा ४ हा उतरून ४ झालाय की लस लागलीच नव्हती, हे आता कुणीच सांगू शकत नाही. म्हणून लागली नाही असं धरून चालायचं. लस न लागलेल्याला अशा सुईने बी होण्याची शक्यता ६ ते ३० टक्के असते, एचआयव्हीची ०.३ च्या आसपास, त्यावरून घाई का करतोय ते कळेल. आणि पिळायचं नाही, त्याने फायदा होतो असा पुरावा नाही, जखमेला त्रास मात्र होतो.

लॅबमधला, पेशंट एचआयव्ही निगेटिव्ह आहे आणि नुकताच धोक्यात आल्याचं काही नसेल तर त्या गोळ्या नको. पेशंटचं माहीतच नसतं तर वेगळं, तेव्हा शक्य तितक्या लवकर, ७२ तासांच्या आत सुरू करतात.

निशिगंधा:
खूप आभार. इम्युनोग्लोबुलिन मिळालं, लसही झाली, रक्त पाठवलं. अजून दोन शंका. सी पॉझिटिव्ह आला तर? आणि घरी बाळ आहे, अंगावर पाजते, थांबवू का?

ओपीडी_क्रमांक_७:
पाजणं थांबवू नका, बी किंवा सी च्या संपर्कासाठी ते थांबवत नाहीत. फॉलोअप संपेपर्यंत रक्तदान मात्र नको. सी ला आधी घ्यायचं औषध किंवा लस नाही, म्हणून लक्ष ठेवायचं: ३ ते ६ आठवड्यांनी आरएनए तपासणी, ४ ते ६ महिन्यांनी अँटीबॉडी. धरलाच तर आता गोळ्यांनी बहुतेकांचा पूर्ण बरा होतो. बी साठी ६ महिन्यांनी एचबीएसएजी आणि अँटी-एचबीसी पुन्हा. एक लक्षात ठेवा, नवा टायटर घाईने बघू नका, इम्युनोग्लोबुलिनमधली अँटीबॉडी महिनोन्महिने रक्तात राहते आणि रिपोर्ट खोटा चांगला दिसतो. ते देऊन ६ महिने होऊ द्यात.

शलाका_ओटी:
ताई, त्या ट्रेचं काय केलं? आमच्याकडे शार्प्सचा डबा कॉरिडॉरच्या टोकाला होता, मग सुया ट्रेमध्येच राहायच्या. डबा पलंगापाशी नेला आणि तो तीन-चतुर्थांश भरला की बदलायचा असं ठरलं, तेव्हा थांबलं. टोपण परत लावायचं नाही, ज्याने सुई वापरली त्यानेच टाकायची.

निशिगंधा:
आमचा डबा नर्सिंग स्टेशनला आहे. ट्रॉलीवर एक लावा म्हणून आज लेखी दिलंय. पण वॉर्डातल्या बाकीच्यांचा पण टायटर कधी झालेला नाही, आणि काहींच्या लसीला तर वर्षानुवर्षं झालीयत. त्यांचा आता बघून काही कळेल का, की एक बूस्टर देऊन मग बघायचा?

धडपड्या:
मला पण हेच विचारायचंय, माझा पण कधी झालेला नाही.