‘फेज अक्युम्युलेटर’ला मराठीत काय म्हणावं?

मृणाल: हव्या त्या फ्रिक्वेन्सीचा सिग्नल आकड्यांवरून तयार करणाऱ्या यंत्रणेतल्या या भागाला भाषांतरात मी ‘कला-संचायक’ असा शब्द घेतलाय. त्यावरून हा भाग काय करतो हे कळतं का?

प्रभाकर: संचायक म्हणजे पुन्हा चार्ज होणारा घट. इथे वीज साठते का?

समीर: नाही काका, संख्या साठते. पण हा शेवटी क्लॉकला भागणारा काउंटरच ना? सरळ ‘विभाजक’ म्हणा.

अश्विनी: विभाजक म्हटलं की निम्मंच सांगून होतं. साधा विभाजक क्लॉकला ५ ने भागेल, ६ ने भागेल, पण मधलं काही देणार नाही. इथे दर ठोक्याला आपण ठरवलेली पायरी मिळवली जाते. ४ बिटांचा, म्हणजे ० ते १५ मोजणारा घ्या आणि पायरी ३ ठेवा. ३, ६, ९, १२, १५ असं जाईल. पुढचे १८ मावत नाहीत, म्हणून १६ चा हातचा बाहेर पडतो आणि २ उरतात. ते टाकायचे नाहीत, पुढची फेरी २ पासूनच सुरू होते. अशा १६ ठोक्यांत हातचा ३ वेळा येतो, म्हणजे क्लॉकच्या ३/१६ फ्रिक्वेन्सी. पायरी ५ केली की ५/१६. सूत्र एवढंच:

```
f = M × fclk / 2^N
```

f ही बाहेर मिळणारी फ्रिक्वेन्सी, M ही पायरी, fclk ही क्लॉकची फ्रिक्वेन्सी, N हे बिट. ३२ बिट आणि १०० मेगाहर्ट्झचा क्लॉक असेल, तर पायरी एकने बदलल्यावर फ्रिक्वेन्सी जेमतेम ०.०२३ हर्ट्झने सरकते. हे सगळं त्या उरलेल्या २ मुळे जमतं, म्हणून ‘संचय’ शब्दात हवाच.

समीर: पण १६/३ ठोक्यांची फेरी कशी होईल? अर्धामुर्धा ठोका तर नसतो.

निखिल: माझं दुखणं हेच असेल का? सगळ्यात वरचा बिट थेट पिनवर काढलाय. वरच्या सुरांत खरखर येते आणि स्कोपवर कडा थरथरतात. क्रिस्टल बदलून पाहिलं, फरक नाही.

अश्विनी: क्रिस्टलचा संबंध नाही. वरच्या उदाहरणात हातचे ६, ५, ५ ठोक्यांच्या अंतराने येतात. सरासरी अचूक, पण एकेक कडा जवळजवळ ठोकाभर मागेपुढे होते. खात्री करायची तर पायरी २, ४, ८ अशी २ च्या घातातली ठेवून बघ, थरथर थांबेल. स्वच्छ सूर हवा असेल तर वरचे काही बिट साइनच्या टेबलला द्यायचे, पुढे आकड्यांचं व्होल्टेज करणारा डॅक आणि वरच्या फ्रिक्वेन्सी अडवणारा लो-पास फिल्टर. उरलेले २ लाटेतला नेमका बिंदू सांगतात, म्हणून ठोक्यांच्या मधली जागाही फिल्टर भरून काढतो. पायरी मात्र अशी ठेव, की सुराची फ्रिक्वेन्सी क्लॉकच्या निम्म्या फ्रिक्वेन्सीपेक्षा बरीच खाली राहील.

निखिल: टेबलला मेमरी कमी आहे. क्लॉक वाढवला तर?

अश्विनी: थरथर त्या प्रमाणात कमी होईल, जाणार नाही.

मृणाल: ‘हातचा’ मी नक्की घेते. ‘कला’चं काय? आणि पूर्ण यंत्रणेला ‘अंकनियंत्रित आंदोलक’ चालेल?

अश्विनी: आंदोलक चालेल. मी ‘फेज-संचायक’ लिहीन.

प्रभाकर: अर्धा शब्द इंग्रजी कशाला? भौतिकशास्त्रात ‘कला’ रुळलेला आहे, तोच ठेवा.