मदत हवी आहे: लिलाव संपायची वेळ विक्रेत्याच्या घड्याळाने, माझं पेन गेलं

पेनवेडा_नाशिक (31 मार्च 2025)
पाडव्याला रात्री पार्कर 51 हातचं गेलं. पानावर संध्याकाळी 6 ची वेळ होती, हिशेबाने आपले साडेअकरा. श्रीखंड-पुरी हाणून 11 वाजून 5 मिनिटांनी लॅपटॉप उघडला तर लिलाव संपलेला! 48 पौंडांना गेलं, मी 70 पर्यंत गेलो असतो. वेळ लवकर कशी संपवतात हे लोक? यावर उपाय काय? लवकर सांगा, पुढचा लिलाव जवळ आलाय.

निबकर
कुठला देश? पौंड म्हणतोस म्हणजे इंग्लंड धरतो. पानावर नेमकं काय लिहिलं होतं, अक्षरन् अक्षर दे.

पेनवेडा_नाशिक
इंग्लंडच, दुसरं काय! `Ends Sun 30 Mar, 18:00 UK time`. जानेवारीत, फेब्रुवारीत साडेपाच तास मिळवूनच दोन पेनं घेतली आहेत. तेव्हा बरोबर आलं होतं.

बोलीबहाद्दर
मी बँकेच्या लिलावात फ्लॅट घेतला. शेवटच्या पाच मिनिटांत बोली आली की वेळ आपोआप पाच मिनिटं वाढते. घाबरायचं कारण नाही. अनामत रक्कम मात्र आधी भरा.

निबकर
बोलीबहाद्दर, ते इथलं, आपल्याच वेळेचं. याचं प्रकरण वेगळं आहे.
पेनवेडा, कोणी लवकर संपवलं नाही. इंग्लंडमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी पहाटे घड्याळ एक तास पुढे जातं. यंदा तो रविवार नेमका 30 मार्च. त्या दिवसापासून फरक साडेचार तासांचा. म्हणून तिकडचे 6 म्हणजे इकडचे साडेदहा. तू पस्तीस मिनिटं उशिरा आलास. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी परत साडेपाच होईल.

पेनवेडा_नाशिक
च्यायला. म्हणजे हे दरवर्षी होतं?

कोडकिडा
कशाला डोक्याने हिशेब करता? पुढचा कुठला आहे? अमेरिकेतला असेल तर ही एक ओळ:

```
TZ="Asia/Kolkata" date -d 'TZ="America/New_York" 2025-04-13 21:00'
```

पेनवेडा_नाशिक
मी लिनक्स कुठून आणू? पण तारीख बरोबर ओळखलीस. 13 एप्रिल, पानावर `9:00 PM EST`. म्हणजे 14 ला सकाळी साडेसात ना?

कोडकिडा
ईएसटी म्हणजे न्यूयॉर्ककडची हिवाळ्यातली वेळ, फरक साडेदहा तास. साडेसातच. वर शहर टाकलंय ती ओळ साडेसहा देईल, पण लिहिलंय तेच धरायचं.

एडिसनकर
थांबा. मी न्यू जर्सीत राहतो. इकडे लोक बारा महिने ईएसटीच लिहितात, उन्हाळ्यातसुद्धा. आमची घड्याळं 9 मार्चलाच पुढे गेली. तेव्हा विक्रेत्याच्या मनात बहुतेक इथले रात्री 9 असतील, म्हणजे तुमचे साडेसहा. अक्षरावर विश्वास ठेवून साडेसातला उठलात तर पुन्हा पाडवा.

कोडकिडा
चूक त्यांची, आपण का सोसायची?

एडिसनकर
पेन जाईल तेव्हा त्यांना सांगा.

निबकर
भांडू नका. पानावर "इतके दिवस, इतके तास उरले" असं असतं, ते बघ. त्यात कुठल्याही देशाची वेळ नसते. तुझ्या मोबाइलमधल्या वेळेत ते मिळव. फक्त पान ताजं करून मग वाच, रात्रभर उघडं राहिलेलं पान मागे पडलेलं असू शकतं.

शाईचोर
आणि शेवटच्या मिनिटाला जागत बसूच नका. तुमची कमाल रक्कम आधीच टाकून झोपा. ईबेवर यंत्रणा तुमच्या वतीने बोली वाढवते, पण समोरच्यापेक्षा एकाच पायरीने. तुम्ही 70 टाकले असते आणि दुसऱ्याची कमाल 48 असती, तर साधारण एकोणपन्नासला मिळालं असतं, सत्तरला नाही.

निबकर
आधी टाकलं की दुसरा डिवचत बसतो, एकेक पौंड चढवून. मी शेवटच्या आठ सेकंदांत टाकतो.

शाईचोर
आणि नेट गेलं की?

निबकर
दोनदा गेलं. तरी तसंच करतो.

एडिसनकर
ईबेवर वेळ ठरलेली असते, म्हणून हे चालतं. काही लिलावगृहांत शेवटच्या क्षणी बोली आली की वेळ वाढते, तिथे आठ सेकंदांची हुशारी फुकट. नियम वाचा.

मनीषा_ठाणे
कस्टम किती लागलं? मी दौतीची बाटली मागवली तर पोस्टमनने तीनदा फेऱ्या मारल्या.

पेनवेडा_नाशिक (5 एप्रिल)
आत्ता रात्री 8 ला पान ताजं केलं. `8 days 10 hours 30 minutes`. मिळवलं तर 14 तारखेची सकाळ, साडेसहाच! एडिसनकर, पेन आलं तर तुमच्या नावाने पहिली ओळ लिहीन. 95 डॉलर आधीच टाकतो, गजरही सहाचा लावतो. वेळ वाढते का ते विक्रेत्याला विचारलंय, उत्तर नाही.

निबकर
95 आधी टाकू नकोस रे.